विनायकच्या साठीला चार ओळी

मंडळी, आमच्या लोंढ्याच्या विनायकला यंदा साठ लागलं. म्हटलं, नावाच्या आद्याक्षरांची कविता देऊ.

इंग्रजीत या नावाच्या सात ओळी होतात. मराठीत अक्षरं चारच, तीही काना-वेलांटीसकट. म्हणजे 'वि'ला 'व' चालत नाही. अडतं ते 'य'पाशी. 'य' म्हटलं की 'यश लाभो' सुचतं, आणि तिथंच कवितेचं शुभेच्छापत्र होतं. शिवाय प्रत्येक ओळीत एकेक गुण घातला, की नुसती यादी उरते. म्हणून गुण सोडले न् एकच चित्र धरलं: जुलैत मी गावी येतो तेव्हा स्टेशनवर दिसणारं. ओळीला आठ अक्षरं, आणि शेवटचं वाक्य दोन ओळींत वाहू दिलं. 'य'ला अनुस्वार दिला, तेवढी सूट घेतली.

विझले दिवे फलाटी,
नाही थांबला पाऊस;
यंदाही छत्री घेऊन
कधीचा उभा आहेस.

नाव न सांगता हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "विनायकभावजी ना? गाडी लेट होती तेव्हाचे?" आद्याक्षरं तिला नंतर दाखवली.