शेवटचा हप्ता आणि एक वाईट आठवडा

घराच्या अंतर्गत सजावटीची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराला सवलतीची मागणी कधी येणार, हे बहुधा आधीच कळतं. काम चालू असताना तक्रार येते ती दुरुस्तीची असते. ‘ही ट्रॉली नीट सरकत नाही’, ‘इथला लॅमिनेट उचलला गेलाय’. सवलतीची मागणी मात्र शेवटचं बिल पाठवलं की येते, आणि ती टक्क्यांत येते. ‘काम छानच झालंय, पण त्या ओट्याच्या वेळी आम्हाला जो मनस्ताप झाला त्याचं काय? बिलावर दहा टक्के कमी करा.’ या निरोपाला उत्तर कसं द्यायचं, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही. बरेच जण रागाने नकार देतात, नाहीतर घाबरून कबूल होतात. दोन्हींत पैसे जातात आणि ग्राहकही जातो.

एक काम हिशेबासकट सांगतो. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. किचन, तीन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग आणि रंग मिळून कर सोडून ९,६०,००० रुपयांचं काम. हप्ते ठरले होते ते असे : सुरुवातीला चाळीस टक्के, बॉक्स साइटवर आल्यावर तीस, शटर बसल्यावर वीस आणि काम ताब्यात दिल्यावर दहा. घरातल्या मॅडम बँकेत अधिकारी, हिशेबाला चोख. सुतारकाम, पॉलिश, रंग यांवर त्यांची काहीही तक्रार नव्हती. बिघडलं ते ओट्याचं. काळ्या ग्रॅनाइटचा दगड वर चढवताना सिंकच्या कटआउटपाशी चिरला. सिंकच्या पुढे दगडाची दोन-अडीच इंचांची पट्टीच उरते, त्यामुळे ती जागा मुळातच नाजूक. त्यात मार्बलवाल्याने कटआउटचे कोपरे गोल न ठेवता काटकोनात कापले होते. अशा कोपऱ्यात ताण एकवटतो आणि दगड उचलताना चीर तिथूनच सुरू होते. चिकटवून चालवण्याचा त्याचा प्रस्ताव मी मान्य केला नाही. नवा दगड येऊन बसेपर्यंत ठरल्या तारखेपेक्षा नऊ दिवस जास्त गेले. तेवढे दिवस स्वयंपाकघर बंद राहिलं. शिवाय मार्बलवाल्याच्या माणसांनी चिखल आणि तुकडे जिन्यात तसेच टाकले, आणि घरातल्या आजींनी हटकल्यावर त्यांच्यातला एक जण उद्धटपणे बोलला.

अंतिम बिल गेलं आणि दहा टक्के सवलतीचा निरोप आला.

अशा वेळी मी पहिल्यांदा आकडा पाहतो. ९,६०,००० चे दहा टक्के म्हणजे ९६,०००. शेवटचा हप्ताही नेमका ९६,००० चाच. असं बऱ्याच वेळा होतं, आणि त्यात ग्राहकाचा कावा असतोच असं नाही. हातात जेवढे पैसे राहिलेत तेवढेच आपल्या रागाची किंमत वाटू लागतात. पण तो आकडा नुकसानातून निघालेला नसतो, शिल्लक हप्त्यातून निघालेला असतो. या कामात मला सगळा खर्च वजा जाता बारा टक्के सुटणार होते, म्हणजे १,१५,२००. त्यातून ९६,००० गेले तर अडीच महिन्यांच्या कामाचे उरतात १९,२००. बावीस चौरस फुटांचा जो ओटा बिघडला, त्याची बिलातली रक्कम होती १३,२००. बिघडलेल्या कलमाच्या सातपट सवलत मागितली जात होती.

तरीही हे गणित ग्राहकाला ऐकवायचं नसतं. आपल्याला किती सुटतं हा त्यांचा प्रश्न नव्हे. ते सांगायला गेलं की बोलणं ओट्यावरून आपल्या नफ्यावर सरकतं आणि मग प्रत्येक कलमाचा भाव नव्याने निघतो. गणित स्वतःसाठी करायचं, कारण त्यावरून आपण कुठवर जाऊ शकतो ते कळतं.

त्यानंतर तक्रार फोडायची. ‘मनस्ताप’ या एका शब्दात सहसा तीन-चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं. इथे दगडातला दोष होता, त्याचं उत्तर दगड बदलणं, आणि ते झालं होतं. नऊ दिवस स्वयंपाक करता आला नाही, हे खरं नुकसान. त्याचं उत्तर पैशांत द्यायला हवं. आजींशी कुणी उद्धट बोललं, याला पैशांत किंमत नाही. त्याचं उत्तर कंत्राटदाराने स्वतः जाऊन माफी मागणं आणि त्या माणसाला पुन्हा त्या साइटवर न पाठवणं. उरलेल्या वॉर्डरोब, सीलिंग, रंग या कामांबद्दल तक्रारच नव्हती. टक्का मात्र या सगळ्यांवरून मागितला जात होता. ज्या कलमांत काही बिघडलं नाही त्यांचे पैसे कमी करायचे नाहीत, एवढंच माझं सूत्र आहे.

पैशांत काय द्यायचं, याला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ चांगला आधार देतं. करार मोडल्यामुळे साहजिकपणे जे नुकसान होतं त्याची भरपाई द्यावी लागते, दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानाची नाही. स्वयंपाकघर बंद म्हणून बाहेरून डबे आले, हे साहजिक. त्या धावपळीत कुणाची बढती हुकली, हे दूरचं. ग्राहकापुढे कलमाचा आकडा फेकायची गरज नाही, पण आपलं मोजमाप याच रेषेवर असावं. दगड फोडला मार्बलवाल्याने, पण मॅडमचा करार त्याच्याशी नव्हता, माझ्याशी होता. त्यामुळे ग्राहकाला लिहायच्या पत्रात त्याचं नावही काढायचं नाही. त्याचा हिशेब मी त्याच्याशी करायचा.

निरोप आला त्या रात्री मी इतकंच कळवलं : ‘निरोप मिळाला. उद्या येऊन आजींना भेटतो आणि मग लेखी उत्तर पाठवतो.’ तत्त्वाची चर्चा फोनवरच्या निरोपांत केली की प्रत्येक वाक्याला उलट वाक्य येतं. दुसऱ्या दिवशी गेलो, आजींची माफी मागितली आणि त्या भेटीत पैशांचा विषय काढला नाही. माफी आणि पैसे एका दमात आले की माफी घासाघिशीचा भाग वाटते. त्याच भेटीत डबे कुठून येत होते आणि किती, ते विचारून घेतलं. संध्याकाळी हे पत्र पाठवलं :

‘सप्रेम नमस्कार. ओटा ठरल्या तारखेपेक्षा नऊ दिवस उशिरा बसला. दगड बसवताना चिरला म्हणून तो बदलावा लागला. नव्या दगडाचा आणि मजुरीचा कोणताही खर्च आपल्या बिलात नाही. या नऊ दिवसांत चौघांचे दोन वेळचे डबे मागवावे लागले. प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे दिवसाचे ७२० आणि एकूण ६,४८० रुपये होतात. ही रक्कम मी अंतिम बिलातून वजा करत आहे. याच कारणाने आपला आणखी काही खर्च झाला असल्यास कृपया कळवावा, तोही वजा करीन. इतर कामं ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली असल्याने संपूर्ण बिलावर टक्केवारीने सवलत देता येणार नाही. सुधारित बिल सोबत जोडले आहे. शनिवारपर्यंत आपले उत्तर यावे ही विनंती.’

या पत्रातला क्रम मी जाणूनबुजून ठेवतो. आधी काय घडलं ते सबबीशिवाय, मग आपण काय केलं, मग रक्कम आणि ती कशी आली, आणि नकार त्यानंतर. नकार आधी लिहिला तर पुढचं कुणी वाचत नाही. ६,४८० चे सरळ ७,००० करायचा मोह होतो, तो टाळावा. गोल आकडा पाहिला की अजून वाढेल असं वाटतं. बेरीज करून आलेल्या आकड्याशी भांडायचं तर बेरीज चुकीची दाखवावी लागते. हमीत जे द्यायचंच आहे, उदाहरणार्थ पावसाळ्यानंतर शटरचे बिजागर पुन्हा जुळवून देणं, ते भेट म्हणून दाखवू नये. चाणाक्ष ग्राहक ते लगेच ओळखतो.

पत्रातलं सर्वांत उपयोगी वाक्य ‘आणखी काही खर्च झाला असल्यास’ हे. टक्का मागणाऱ्याला खरंच लागलंय की नुसतं आजमावून पाहणं चाललंय, हे त्यावरून कळतं. आजमावणारा पुढच्या निरोपात ‘निदान पाच टक्के तरी’ म्हणतो, किंवा आजवर कधी न काढलेल्या तक्रारी एकेक करून काढतो. लागलेला माणूस पावती काढतो. मॅडमनी आधी पाच टक्क्यांचाच निरोप पाठवला. मी पत्रातलंच वाक्य पुन्हा लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की जिन्यातल्या चिखलाबद्दल सोसायटीने त्यांच्याकडून १,००० रुपये घेतले होते. पावतीचा फोटो सोबत होता. टक्क्यांच्या बोलण्यात हा खर्च त्यांनी कधी सांगितलाच नव्हता. तो मी त्याच दिवशी वजा केला. एकूण कपात ७,४८० आणि माझ्या खात्यात आले ८८,५२० अधिक कर. नवा दगड मार्बलवाल्याने स्वतःच्या खर्चाने दिला आणि कपातीतले निम्मे मी त्याच्या हिशेबातून वळते केले.

कपात लिहिण्याचीही एक रीत आहे. ती ‘विशेष सवलत’ म्हणून लिहू नये. बिलाच्या बेरजेखाली ‘ओट्याच्या विलंबाबद्दल भरपाई’ असं कारणासह स्वतंत्र ओळीत लिहावं, कारण ‘तुम्ही सवलत देता’ ही बातमी त्याच सोसायटीतल्या पुढच्या घरी आपल्या आधी पोचते. कराचं बिल आधीच निघालं असेल तर आकडा खोडून चालत नाही. सेवेत कमतरता राहिली तर जीएसटीत क्रेडिट नोट काढता येते. ती कशी काढायची हे आपल्या सीएला विचारावं. पैसे आले की ‘ओट्याच्या विलंबाचा हिशेब पूर्ण झाला’ एवढी एक ओळ दोघांनी लेखी मान्य करावी.

हे सूत्र सगळीकडे चालत नाही. दोष दुरुस्त होणारच नसेल, म्हणजे विनिअरच्या दोन पॅनलांची छटा जुळली नाही आणि त्या लॉटचा माल संपला असेल, तर त्या कलमाची किंमत कमी करणं हेच प्रामाणिक उत्तर. तिथे भरपाईच्या पावत्या मागणं हा कोतेपणा होईल. सगळं घरच महिनाभर राहण्याजोगं नसेल, तर नुकसान एका कलमाचं उरत नाही. मग भाड्याच्या घराचा हिशेब धरावा लागतो आणि ती रक्कम दहा टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. आणि एवढं करूनही ग्राहकाने शेवटचा हप्ता अडवला, तरी शटर काढून आणणं किंवा ट्रॉल्यांच्या चाव्या दाबून ठेवणं असले प्रकार करू नयेत. तारीख घातलेलं पत्र आणि मग वकिलाची नोटीस, हाच सरळ रस्ता आहे.

वाचकांपैकी बरेच जण कंत्राटदार नसतील, घराचं काम काढणारे असतील. त्यांनाही एकच सांगणं : काही बिघडलं तर त्याच दिवशी लिहून कळवा, झालेल्या खर्चाची पावती ठेवा, आणि शेवटच्या बिलावर टक्का मागण्याऐवजी ती पावती पुढे करा. टक्का नाकारणं कुठल्याही कंत्राटदाराला सोपं जातं, खरी पावती नाकारणं फार अवघड.