क्लेम मागे घेताना लिहिलेलं पत्र

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गेटशी एका टेम्पोने रिव्हर्स घेताना आमच्या गाडीच्या मागच्या बंपरला धडक दिली आणि तो निघून गेला. कुणाला लागलं नाही. बंपर एका कोपऱ्यात फाटला, रंग गेला. अपघात विमा कंपनीला लगेच कळवायचा असतो, म्हणून मी त्याच संध्याकाळी क्लेम नोंदवला. आठ दिवसांनी तो मागे घेतला.

नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटलं नाही. "दर वर्षी प्रीमियम भरतो, मग हक्काचे पैसे का सोडायचे?" वडोदऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हिशेब दाखवल्याशिवाय गप्प करता येत नाही, म्हणून वही काढली.

गॅरेजचं एस्टिमेट ४,२०० रुपयांचं होतं. बंपर काढून सांधणे आणि परत बसवणे याचे १,०००, रंगाचे ३,२००. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्या मालावर निम्मा घसारा कापतात. म्हणजे ८०० चे निम्मे, ४०० गेले. उरले ३,८००. आता डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम. आमची गाडी १५०० सीसीच्या आतली, त्यामुळे सक्तीचे १,००० रुपये. शिवाय प्रीमियम कमी व्हावा म्हणून आम्ही २,५०० रुपयांचं ऐच्छिक डिडक्टिबल घेतलेलं. दोन्ही मिळून ३,५००. कंपनीकडून हातात येणार होते तीनशे रुपये.

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. आमचा ३५ वर होता, पुढच्या नूतनीकरणाला ४५ होणार होता. ही सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर नाही. आमचा तो भाग सवलतीआधी साधारण ८,००० रुपये. त्यावर ४५ टक्के म्हणजे ३,६००. क्लेमचे तीनशे घेतले असते तर बोनस शून्यावर आला असता, आणि पुढची काही वर्षं खालच्या पायरीवरून चढावं लागलं असतं. नाना वही बघत म्हणाले, "म्हणजे तीनशेसाठी छत्तीसशे?" मग त्यांनीच पत्र लिहायला बसवलं.

पत्रापूर्वी एक काम केलं. गॅरेजवाल्याला बंपर उतरवून मागचा पत्रा आणि ब्रॅकेट बघायला सांगितलं. आत काही वाकलेलं निघालं तर खर्च दुप्पट होतो, आणि क्लेम बंद झाल्यावर त्याच अपघातासाठी पुन्हा मागणं अवघड जातं. आत सगळं ठीक होतं. कुणी जखमी झालं असतं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं असतं, तर क्लेम मागे घेण्याचा विचारही केला नसता.

कंपनीला ईमेल इंग्रजीत गेला. मराठीत तो असा:

"महोदय, वरील पॉलिसीखाली आमच्या गाडीच्या मागील बंपरच्या नुकसानीबद्दल मी क्लेम नोंदवला होता. दुरुस्तीचा खर्च डिडक्टिबलच्या जवळपास असल्याने मी तो स्वेच्छेने मागे घेत आहे. दुरुस्ती मी स्वखर्चाने करून घेईन. या क्लेमपोटी मला किंवा गॅरेजला कोणतीही रक्कम दिली गेलेली नाही. अपघातात कोणी जखमी नाही, इतर कोणाच्या मालमत्तेचं नुकसान नाही. कृपया क्लेम 'मागे घेतला, रक्कम शून्य' अशी नोंद करून बंद करावा, आणि पुढील नूतनीकरणात माझा ४५ टक्के नो क्लेम बोनस कायम राहील याची लेखी खात्री द्यावी."

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. फोनवर "हो मॅडम, कॅन्सल करतो" म्हणतात, पण क्लेम उघडाच राहिला तर नूतनीकरणाच्या वेळी सिस्टीमला क्लेम दिसतो आणि बोनस शून्य लागतो. चार दिवसांनी उत्तर आलं: क्लेम रकमेविना बंद, बोनसवर परिणाम नाही. ते मी पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवलं. पुढे कंपनी बदलली तर नवी कंपनी जुनीकडे बोनसची चौकशी करू शकते, तेव्हा तो कागद लागेल.

तुमच्या घरी असं झालं, तर नूतनीकरणाची नोटीस आल्यावर आधी बोनसचा आकडा बघा. तो चुकलेला असेल तर पैसे भरण्याआधीच कळवा. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर एकही क्लेम नसताना बोनस जातो. आमच्या नोटिशीत ४५ आले. बंपर मी रोखीने दुरुस्त करून घेतला.