एक माप कमी

कपडा अंगाला लहान होणे आणि कपडा मुळातच लहान आलेला असणे, या दोन गोष्टी घालणाऱ्याला सारख्याच जाणवतात. विकणाऱ्याच्या लेखी मात्र त्यांत मोठे अंतर असते. पहिलीत निवड चुकलेली असते, दुसरीत पाठवणी. पहिली तक्रार विक्रेता मर्जी असेल तर ऐकतो, दुसरी त्याला ऐकावीच लागते. घरबसल्या मागवलेला कपडा बदलून मागणारी बहुतेक पत्रे फसतात, कारण लिहिणाराने आपली तक्रार यांपैकी कोणती, हे पत्रात सांगितलेलेच नसते.

सांगलीकडच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न उभा राहिला. घरातल्या अक्का पाय घसरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, तरी बोटांत निऱ्या धरण्याचे बळ येईना. पंचेचाळीस वर्षे साडी नेसलेल्या बाईला रोज सकाळी सुनेला हाक मारावी लागे आणि ते त्यांना मनातून लागे. शेवटी सुनेने जयपूरच्या एका विक्रेत्याकडून सुती छापाचा कुर्ता, पँट आणि ओढणी असा संच मागवला. किंमत १,८९० रुपये. अक्कांची छाती टेपने मोजून, तक्ता पाहून, ४२ माप निवडले होते.

संच आला. कुर्ता डोक्यातून उतरला, पण छातीशी अडकला आणि दुखरा हात मुंढ्यातून जाईना. अक्का एवढेच म्हणाल्या, "राहू दे गं. बसून बसून माझंच अंग सुटलं असेल. कुणा लेकीबाळीला देऊन टाक." मुलानेही तोच सूर धरला. सुनेने तरी मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या: "कुर्ता फार लहान होतो. कृपया बदलून द्यावा." पाठवण्याआधी तिने त्या अण्णांना दाखवल्या. चाळीस वर्षे पेढीवर बसलेले अण्णा वाचून म्हणाले, "अगं, 'लहान होतो' म्हटलंस की दुकानदार म्हणणार, अंगाचं माप तुम्ही चुकीचं घेतलंत. आधी पिशवी आण आणि कुर्ता उलटा कर."

पिशवी फेकलेली नव्हती, हे बरे झाले. पारदर्शक पिशवीवरच्या पट्टीवर ४२ छापलेले होते. कुर्त्याच्या गळ्याशी आतून शिवलेल्या लेबलवर मात्र ४०. तयार कपड्याच्या धंद्यात ही चूक नवी नाही. माप लिहिलेले गळ्याचे लेबल शिलाईच्या वेळी बसते, पिशवीवरची पट्टी नंतर, घडी घालून माल बांधताना लागते. दोन मापांचे गठ्ठे एका टेबलावर आले, किंवा परत आलेला कपडा नव्या पिशवीत घालताना गडबड झाली, की पिशवी एक सांगते आणि कपडा दुसरे. माल पाठवणारा माणूस पिशवी उघडत नाही, तो फक्त पट्टी वाचतो. त्यामुळे विक्रेत्याच्या हिशेबात ४२ माप गेलेले असते आणि गिऱ्हाइकाच्या हातात ४० पडते.

लेबलही कधी चुकीचे शिवले जाते, म्हणून कुर्ता मोजायचा ठरला. तो पलंगावर सुरकुती न ठेवता पसरला आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत, मुंढ्याच्या एक इंच खाली, टेप धरली. २१ इंच भरले, म्हणजे पूर्ण घेर ४२. सून चपापली. मागवले ४२, भरतेही ४२, मग तक्रार कशाची?

नेमका इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. त्या विक्रेत्याच्या तक्त्यात ४२ हा आकडा अंगाच्या मापाचा होता. कपडा अंगावर मोकळा बसावा म्हणून तयार कुर्ता त्याहून दोन इंच जास्त ठेवलेला असतो. तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात ते स्पष्ट दिले होते: ४२ मापाच्या तयार कुर्त्याची छाती ४४, तर ४० मापाच्या कुर्त्याची ४२. सर्वच विक्रेत्यांची पद्धत अशी नसते, काहींच्या तक्त्यात थेट तयार कपड्याचेच माप असते. म्हणून टेपवरचा आकडा मापाच्या नावाशी ताडायचा नसतो, त्याच विक्रेत्याच्या तक्त्यातील तयार कपड्याच्या रकान्याशी ताडायचा असतो. तसा ताडल्यावर कुर्ता पूर्ण घेरात दोन इंच कमी निघाला. शिलाईत अर्ध्या इंचाचा फरक कोणीही चालवून घेतो, पण दोन इंच म्हणजे अख्खे एक माप. शिवणीतली माया सोडवून तो भरून काढता येईल का, हेही अण्णांनी पाहिले. दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा अर्धा इंच माया होती आणि ती सगळी उसवली तर शिवण धरणार कशाला?

पँटवरही ४० चेच लेबल होते. अक्कांना ती कमरेला बसत होती, त्यामुळे फक्त कुर्ता बदलून मागावा असे सुनेला वाटले. अण्णांनी ते मोडून काढले. छापील सुती कापडाचा एक लॉट दुसऱ्या लॉटशी रंगात तंतोतंत जुळेलच असे नाही. नुसता कुर्ता आला आणि तो ओढणीपेक्षा फिका निघाला, तर दुसरी तक्रार करण्याची पाळी यायची. शिवाय विक्रेत्याकडे संच हाच एक नग असतो. मोडलेला संच तो पुन्हा विकणार कसा?

मग पत्र लिहिले गेले. पाठवले हिंदीत, मराठीत ते असे होते:

"महोदय, आपल्याकडून ३ जुलै रोजी मागवलेला कुर्ता, पँट, ओढणी हा संच (ऑर्डर क्रमांक आणि बिलाची प्रत सोबत) ९ जुलै रोजी मिळाला. मागणी ४२ मापाची होती आणि बिलावर व पिशवीच्या पट्टीवरही ४२ हेच माप आहे. मात्र आतील कुर्ता व पँट यांच्या लेबलवर ४० आहे. कुर्ता सपाट ठेवून मोजला असता छाती २१ इंच, म्हणजे घेर ४२ इंच भरते. आपल्या तक्त्यानुसार ४२ मापाच्या तयार कुर्त्याचा घेर ४४ इंच हवा. म्हणजे पिशवीत दुसऱ्या मापाचा संच आलेला आहे. कपडा एकदा अंगाला लावून पाहिला आहे, धुतलेला नाही, टॅग जागेवर आहेत. पट्टी आणि लेबल एकत्र दिसतील असे एक व टेपसह एक अशी दोन छायाचित्रे जोडली आहेत. कृपया संपूर्ण संच त्याच रंगात ४२ मापात बदलून द्यावा आणि पाठवण्यापूर्वी पिशवी उघडून लेबल पाहावे. ४२ माप शिल्लक नसल्यास रक्कम परत करावी. परतीच्या नोंदीत 'चुकीचे माप पाठवले गेले' असे कारण लिहावे, म्हणजे नेणाऱ्या माणसाला अडचण येणार नाही."

पत्रात रागाचा शब्द नाही आणि अक्कांच्या मनगटाचा उल्लेखही नाही. त्यातले प्रत्येक वाक्य विक्रेत्याला स्वतःच्या टेबलावर पडताळून पाहता येते. पिशवी उघडून लेबल पाहा, ही विनंती अशासाठी की गठ्ठाच चुकलेला असेल, तर बदली म्हणून येणाऱ्या पिशवीवर ४२ आणि आत पुन्हा ४० असायचे, आणि बदल एकदाच मिळेल अशी अट पुष्कळ विक्रेते घालतात. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी ठरली. परतीचा माल न्यायला येणारा मुलगा मोबाइलवरच्या नोंदीशी कपडा ताडून पाहतो. नोंदीत ४२ आणि लेबलवर ४० दिसले, की 'हा तो माल नव्हे' म्हणून तो दारातूनच परत जातो आणि चूक गिऱ्हाइकाच्या माथी बसते.

विक्रेत्याने नकार दिला असता तर पुढचा मार्गही होता. 'ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०' प्रमाणे, जाहिरातीत सांगितल्यासारखा किंवा ठरल्यासारखा नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. तक्रार पोहोचल्याची पोच तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. तेवढ्यानेही भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र हे बळ ठरलेला माल न आल्याचे आहे. मागवलेलेच माप आले आणि ते अंगाला घट्ट झाले, तर विक्रेत्याच्या स्वतःच्या बदलाच्या अटींवरच अवलंबून राहावे लागते आणि त्या अटी खरेदीपूर्वीच वाचायच्या असतात.

इथे तितके करण्याची वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याचे उत्तर आले. छायाचित्रे पाहून त्याने उरलेल्या पिशव्या उघडल्या होत्या आणि आणखी तीन पिशव्यांत तीच अदलाबदल सापडली होती. त्याने आभार मानले आणि नोंदीत कारण लिहून माल न्यायला माणूस पाठवला. दारात आलेल्या मुलाने लेबल पाहिले, नोंद पाहिली आणि पावती देऊन संच नेला.

सुनेने अक्कांना ते उत्तर वाचून दाखवले. "म्हणजे माझं अंग सुटलं नव्हतं तर," त्या म्हणाल्या, आणि कुर्ता कुणाला देण्याची भाषा पुन्हा निघाली नाही. आठ दिवसांनी नवा संच आला. सुनेने आधी लेबल पाहिले, मग टेप लावली. २२ इंच भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या खोलीतून हाक आली नाही. त्या तयार होऊन स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा ओढणी एका खांद्यावरून थोडी घसरलेली होती. सून ती नीट करायला पुढे झाली, तर अक्का म्हणाल्या, "असू दे, मी करते."

पत्राची प्रत, पावती आणि बिल अण्णांनी एकत्र टाचून कपाटात ठेवले आहे.