पोटॅशच्या पुडीतून उमटणारा गॅमा वर्णपट

गॅमा वर्णपट वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी सहसा सीझियम-137 ची लहानशी चकती दिली जाते. परंतु भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात याच अभ्यासाचे दुसरे साधन कोणत्याही कृषी केंद्रात मिळते आणि ते म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, अर्थात शेतकऱ्याच्या बोलीतील नुसते पोटॅश. या खताच्या लालसर, खरबरीत दाण्यांत वजनाने जवळजवळ निम्मे पोटॅशियम असते, आणि निसर्गतः सापडणाऱ्या प्रत्येक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी समस्थानिक अल्प प्रमाणात असल्यामुळे एक किलो खतात दर सेकंदाला सुमारे 15,000 अणू विघटित होतात. त्यांपैकी साधारण अकरा टक्केच विघटनांतून 1461 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे केईव्ही, ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडतो. हे प्रमाण शेतात वावरणाऱ्याला अपायकारक नाही, मात्र संवेदनशील शोधकाला ते पुरेसे आहे.

शोधक म्हणून पदव्युत्तर प्रयोगशाळांत बहुधा थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरतात. गॅमा किरणाने स्फटिकात जितकी ऊर्जा सोडली तितका प्रकाश चमकतो, प्रकाशगुणक नळी त्याचे विद्युत्‌स्पंदात रूपांतर करते आणि बहुमार्गी विश्लेषक त्या स्पंदाच्या उंचीनुसार एका मार्गात, म्हणजे चॅनेलमध्ये, एक नोंद वाढवतो. येथे नवख्याने एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी, कारण पुढील सर्व अर्थ तिच्यावर उभा आहे: पडद्यावरील आलेख किरणाची ऊर्जा दाखवत नाही, तर किरणाने स्फटिकात मागे ठेवलेली ऊर्जा दाखवतो.

सीझियमच्या चकतीतून एकाच ऊर्जेचा, 662 केईव्हीचा, मुख्य गॅमा किरण निघतो, तरीही आलेखात एक रेषा न दिसता उजवीकडे रुंद शिखर, त्याच्या डावीकडे दरी, मग एकाएकी चढणारा उतार, लांब पठार आणि त्या पठारावर आणखी एक उंचवटा असे चित्र दिसते. उजवीकडचे शिखर म्हणजे फोटोपीक: किरणाची सारी ऊर्जा स्फटिकातच उतरली, मग ती आयोडिनच्या अणूने एका झटक्यात शोषली असो किंवा किरण दोनतीनदा विखुरून अखेर शोषला गेला असो. शिखर रुंद का, याचे कारण प्रकाशाच्या चमकीतील सांख्यिकीय चढउतार हे असून या स्फटिकात 662 केईव्हीपाशी ही रुंदी अर्ध्या उंचीवर साधारण सात टक्के, म्हणजे 45 केईव्हीच्या आसपास, असते.

पठाराची कहाणी वेगळी आहे. गॅमा किरण स्फटिकातील इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतो तेव्हा तो ऊर्जेचा काही वाटा इलेक्ट्रॉनला देतो आणि उरलेली ऊर्जा घेऊन स्फटिकाबाहेर निसटू शकतो. किती वाटा दिला हे कोनावर अवलंबून असते, आणि किरण सरळ मागे, 180 अंशांत, फिरला तर हा वाटा सर्वाधिक होतो. इलेक्ट्रॉनच्या स्थिर वस्तुमानाची ऊर्जा 511 केईव्ही धरून सीझियमसाठी हे गणित केले असता मागे फिरलेल्या किरणाजवळ 184 केईव्ही उरतात आणि इलेक्ट्रॉनला 477 केईव्ही मिळतात. यापेक्षा जास्त देणे एका टकरीत शक्य नसल्यामुळे पठार 477 पाशी तुटते आणि तीच कॉम्प्टन कडा होय. शोधकाच्या रुंदीमुळे ती धारदार न राहता उतरणीसारखी दिसते, म्हणून कडेचे स्थान उतरणीच्या पायथ्याशी न वाचता साधारण मध्यावर वाचावे.

बॅकस्कॅटर शिखर याच गणिताची दुसरी बाजू आहे. चकतीतून स्फटिकापासून दूर निघालेला किरण मागच्या भिंतीवर, मेजावर किंवा शिशाच्या कवचावर आदळून परत फिरतो आणि 184 केईव्हीची उरलेली ऊर्जा घेऊन स्फटिकात शिरतो. म्हणजे हा उंचवटा स्फटिकातून नव्हे, खोलीतून येतो. चकतीच्या मागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी ठेवावी, उंचवटा वाढतो आणि फोटोपीक मात्र जवळपास तसाच राहतो. विद्यार्थ्याचा येथे मोठा गोंधळ होतो: दुसराच कुठला तरी समस्थानिक मिसळला आहे, असे त्याला वाटते. पट्टी ठेवून-काढून पाहणे हा या शंकेवरचा सर्वांत सोपा इलाज आहे.

आता पोटॅश. ऊर्जामोजणीसाठी आधी सीझियम आणि कोबाल्ट-60 यांची शिखरे पाहून ठेवावी लागतात. समजा सीझियमचे 662 केईव्ही चॅनेल 331 वर आणि कोबाल्टचे 1332 केईव्ही चॅनेल 666 वर पडले, तर प्रत्येक चॅनेलला 2 केईव्ही मिळतात. मग पोटॅशची पुडी शोधकाभोवती ठेवून दीर्घकाळ नोंद केली असता चॅनेल 730 च्या आसपास शिखर उभे राहते आणि ते 1460 केईव्ही निघते. कॉम्प्टन कडेचे स्थान याच रीतीने काढले तर 1243 केईव्ही, म्हणजे चॅनेल 622, येते आणि तेथे उतरण दिसते. मागे फिरलेल्या किरणाची ऊर्जा मात्र 218 केईव्ही आली तरी तिचे स्वतंत्र शिखर येथे शोधू नये, कारण पोटॅशच्या दाण्यांतच किरण अनेकदा विखुरलेले असतात आणि डावीकडचा सारा भाग त्यांच्या ढिगाने भरलेला असतो. म्हणूनच बॅकस्कॅटर सीझियमवर शिकावा आणि कडा पोटॅशवर पडताळावी, हा क्रम योग्य ठरतो.

पुडी बाजूला काढूनही 1460 वर शिखर राहते, हे पाहून नवखा गोंधळतो. विटा, सिमेंट आणि माती यांतही पोटॅशियम असल्याने तसे होणे अपरिहार्य आहे. तेवढाच वेळ पुडीशिवाय नोंद करून ती वजा केल्यावरच खताचे शिखर त्याचे स्वतःचे ठरते.

एस्केप शिखरांचा प्रश्न यानंतर उभा राहतो. गॅमा किरणाची ऊर्जा 1022 केईव्हीपेक्षा जास्त असेल तर तो स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करू शकतो. पॉझिट्रॉन थांबून इलेक्ट्रॉनशी मिळाला की 511 केईव्हीचे दोन किरण निघतात, त्यांपैकी एक निसटला तर मुख्य शिखराच्या 511 केईव्ही खाली आणि दोन्ही निसटले तर 1022 केईव्ही खाली शिखर येते. पोटॅशसाठी ही स्थाने 950 आणि 439 केईव्ही होतात, परंतु उंबरठ्याच्या इतक्या जवळ जोडी क्वचितच निर्माण होत असल्यामुळे छोट्या स्फटिकात ती कॉम्प्टन पठारात बुडून जातात. ती पाहायची तर थोरियम मालिकेतील थॅलियम-208 चे 2614 केईव्ही लागतात. एक 2103 वर आणि दुसरे 1592 वर येते, मात्र 1592 पाशी ॲक्टिनियम-228 चीही 1588 केईव्हीची रेषा असल्याने 2103 वर अधिक विश्वास ठेवावा. शिवाय 1024 चॅनेलच्या विश्लेषकात प्रति चॅनेल 2 केईव्ही धरल्यास आलेख 2048 केईव्हीपाशी संपतो, म्हणून आधी प्रवर्धन कमी करून मोजणी नव्याने करावी लागते.

दुसऱ्या प्रकारचे एस्केप शिखर डावीकडच्या टोकाला असते. कमी ऊर्जेचा किरण स्फटिकाच्या पृष्ठभागाजवळ आयोडिनच्या अणूत शोषला गेला आणि त्या अणूचा सुमारे 28 केईव्हीचा क्ष-किरण बाहेर निसटला, तर मूळ शिखराच्या तितकेच खाली एक लहान शिखर दिसते. अमेरिशियम-241 च्या 59.5 केईव्हीखाली ते 31 च्या आसपास येते. सीझियमच्या आलेखातही 32 केईव्हीवर शिखर असते, पण ते बेरियमचे क्ष-किरण असून स्फटिकातील निसटीशी त्याचा संबंध नाही. दोहोंतला फरक असा की एस्केप शिखर मूळ शिखराला बांधलेले असते, त्यामुळे मूळ किरण पट्टीने अडवला की तेही त्याच प्रमाणात घटते.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे चढतो तेव्हा स्फटिकाचा प्रकाश आणि नळीचे प्रवर्धन दोन्ही बदलतात आणि सकाळी 331 वर असलेले सीझियमचे शिखर दुपारी सरकलेले आढळते. पोटॅशची लांब नोंद संपताच सीझियमची चकती पुन्हा ठेवून शिखराचे चॅनेल तपासावे, आणि ते सरकलेले असेल तर ती नोंद रद्द करून पुन्हा घ्यावी.