सोमवारचे चार नाश्ते

आठवड्यातले चार दिवस मी पुण्याबाहेर असते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं ऑडिट करणं हे माझं काम. सोमवारी पहाटेचं चेन्नईचं विमान, तिथून श्रीपेरुंबुदूर नाहीतर ओरगडम, आणि गुरुवारी रात्री परत. वर्षातून साधारण पंचेचाळीस वेळा. हे काम अंगावर घेतलं तेव्हा माझं वजन त्रेसष्ट किलो होतं. दोन वर्षांनी ते अडुसष्ट झालं. कंबर एक्क्याण्णव सेंटीमीटर, आणि आपल्याकडच्या बायकांसाठी डॉक्टर ऐंशी ही मर्यादा मानतात. एचबीएवनसी ६.१ आलं. मधुमेहाची रेषा ६.५ ला आहे. आईच्या उजव्या पायाचं बोट मधुमेहात गेलं, आणि त्यानंतर दोन वर्षं तिचं ड्रेसिंग मी केलेलं आहे. त्यामुळे तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला, पण विसरू शकले नाही.

पहिला संशय बफेवर गेला. जाणारच. रात्री नऊ वाजता, दिवसभर उभं राहून झाल्यावर, समोर चाळीस पदार्थ मांडलेले असतात आणि बोलायला कुणी नसतं. मग मी बुटांची जोडी घेतली, हॉटेलच्या जिममध्ये जायचं ठरवलं. सहा महिने ते बूट बॅगेतून चेन्नईला गेले आणि परत आले. वापरले दोनदा. गंमत म्हणजे चालण्याची मला कमतरता नव्हतीच. ऑडिटच्या दिवशी शॉपफ्लोअरवर फिरताना नऊ-दहा हजार पावलं सहज होतात. पुण्यात घरी असते तेव्हा चार हजारही होत नाहीत. म्हणजे फिरतीच्या दिवसांत मी जास्तच चालत होते, आणि तरी फुगत होते.

शेवटी मी जे दुसऱ्यांना करायला लावते तेच केलं. कारखान्यात दोष सापडला की आम्ही ‘माणूस निष्काळजी होता’ हे कारण मान्य करत नाही. कुठल्या टप्प्यावर, कुठल्या वेळेला, किती तुकड्यांत दोष आला ते लिहून काढा म्हणतो. मग पाच वेळा ‘का’ विचारायचं. मी एका सोमवारी खाल्लेलं सगळं वेळेसकट लिहून काढलं.

पहाटे तीन : घरून निघताना तूप-गूळ लावलेली पोळी आणि चहा. रिकाम्या पोटी घराबाहेर पडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आई असती तर हातावर दही-साखरही पडली असती.

साडेचार : लाउंज. क्रेडिट कार्डावर फुकट. दोन मेदूवडे, चटणी, ग्लासभर ज्यूस.

सहा : विमान. कंपनीच्या तिकिटात खाणं धरलेलं असतं. गरम पाणी ओतून फुगवलेला उपमा.

आठ : हॉटेल. ‘मॅडम, रूम तयार नाही, तोपर्यंत ब्रेकफास्ट करून घ्या.’ ऑम्लेट, टोस्ट, दोन इडल्या, चमचाभर म्हणता म्हणता वाटीभर पोंगल, फिल्टर कॉफी.

साडेनऊ : ओपनिंग मीटिंग. टेबलावर काजू, बिस्किटं आणि पुन्हा कॉफी. यजमान ताटली पुढे सरकवतात, आपण दोन उचलतो.

ढोबळ हिशोब केला. पोळी दोनशे कॅलरी, लाउंज चारशे, उपमा तीनशे, हॉटेल सहाशे, काजू-बिस्किटं दीडशे. सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि साडेसोळाशे झाल्या होत्या. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या बाईला दिवसभरात लागतात एकोणीसशेच्या आसपास. आणि यातला एकही नाश्ता मला ‘जास्त’ वाटला नव्हता. प्रत्येक ताटली नेमस्त होती. मोजणीत चुकत होती ती ताटल्यांची संख्या.

मग दुसरा हिशोब. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. पाच किलो म्हणजे ३८,५००. दोन वर्षांत नव्वद फेऱ्या झाल्या. भागाकार केला : फेरीमागे सव्वाचारशे. चार दिवसांना मिळून. शरीर असं सरळ त्रैराशिकात चालत नाही हे मला माहीत आहे. वजन वाढलं की खर्चही वाढतो, आणि शिलकीचा आकडा हलत राहतो. पण अंदाज यायला तेवढं पुरे होतं. मी ज्या बफेला शिव्या घालत होते तो लागतच नव्हता. सोमवारचे ते दोन मेदूवडे आणि ज्यूस एवढ्यावर सगळा हिशोब जुळत होता.

आता ‘का’. लाउंजमध्ये का खाल्लं? फुकट होतं म्हणून. पण फुकट तर वर्तमानपत्रंही होती, ती मी उचलली नाहीत. मग का? विमानात धड मिळेल न मिळेल म्हणून. विमानात का खाल्लं? हॉटेलला पोचायला उशीर झाला तर म्हणून. हॉटेलात का? ऑडिट सुरू झालं की दोनपर्यंत जेवण नाही म्हणून. उत्तर प्रत्येक वेळी एकच निघालं : पुढचं खाणं कधी मिळेल याची खात्री नाही. मी भूक लागली म्हणून खातच नव्हते. पुढे लागेल त्या भुकेची आगाऊ भरपाई करत होते, आणि ती भूक एकदाही आली नव्हती.

त्यात झोप. सोमवारी मी जेमतेम चार तास झोपलेली असते. २००४ साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन त्यांच्या रक्तात वाढलं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी झालं. त्यांना गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची इच्छा जास्त होत होती. बाराच माणसं, तीही तरुण पुरुष, तेव्हा त्यावर फार भार टाकायला नको. पण पहाटे साडेचारला मला काकडी कधीच खावीशी वाटली नाही, वडाच वाटला, हे खरं. आता मी ती भूक झोपेच्या खात्यात लिहिते आणि विमानात डोळे मिटते.

उपाय मग सोपा होता, निदान कागदावर. सोमवारी नाश्ता एकच, हॉटेलातला, आठ वाजता, बसून, पोटभर. त्याच्याआधी फक्त बिनसाखरेचा चहा आणि पाणी. पण ‘खायचं नाही’ एवढ्याने भीती जात नाही. म्हणून पर्समध्ये एक डबी ठेवली : मूठभर फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. विमान लेट झालं, टॅक्सी अडकली, तर ही आहे. पहिल्या दोन सोमवारी डबी लाउंजमध्येच संपली. तिसऱ्या सोमवारी ती हॉटेलपर्यंत पोचली. त्यानंतर ती बहुतेक वेळा न उघडता पुण्याला परत येते आणि शनिवारी मी त्यातले दाणे बदलते, खवट होऊ नयेत म्हणून. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आईला मी हे कधीच करू दिलं नसतं.

रात्रीच्या बफेचं म्हणाल तर मी तिथून उठूनच गेले. पदार्थ जितके वेगळे तितकं माणूस जास्त खातो. एका चवीने मन भरलं तरी दुसऱ्या चवीसाठी जागा निघते. लग्नात मठ्ठ्यानंतर पुन्हा जिलबी जाते ती याचमुळे. चाळीस पदार्थांसमोर निग्रह करण्यापेक्षा खोलीवर डाळ, दोन फुलके आणि एक भाजी मागवणं मला सोपं गेलं. डाळीवरचं तूप वेगळं द्या म्हणून सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त छळलं ते वजनकाट्याने. शुक्रवारी सकाळी परतल्यावर काट्यावर उभी राहायचे आणि दीड-दोन किलो वाढलेले दिसायचे. मग शनिवारी नुसती फळं, रविवारी चिडचिड आणि दुपारी मिसळ. दोन किलो चरबी चढायला चार दिवसांत पंधरा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील. तेवढं मी ठरवूनही खाऊ शकत नाही. ते पाणी असतं. सांबार, चटण्या, विमानातला उपमा यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-इडलीमधून यकृतात आणि स्नायूंत साठणारी साखर आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सोबत नेते. शिवाय फिरतीत पोट साफ होत नाही, ते वेगळंच. आता मी फक्त रविवारी सकाळी वजन करते आणि चार रविवारांची सरासरी वहीत लिहिते. शुक्रवारी काटा पलंगाखाली असतो.

राहिला गुरुवार. रात्री साडेअकराला घरी पोचायचे तेव्हा विमानातला सँडविच पोटात असायचा, आणि नवरा जागा. कुकर नुकताच उतरलेला.

“मी खाऊन आलेय रे.”

“अगं, चार दिवस बाहेरचं खाल्लंस. दोन घास वरण-भात खा, तोंडाला चव येईल.”

दोन घासांचं ताट व्हायचं. नवा नियम केल्यावर एका गुरुवारी मी सरळ नाही म्हटलं. तो काही बोलला नाही. ताट झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि झोपायला गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की नऊच्या विमानात मी तो गार सँडविच का खाल्ला. तो मला आवडतही नाही.

तेव्हापासून गुरुवारी विमानात काही घेत नाही. घरी येऊन वाडगाभर वरण-भात, लिंबू, चमचाभर तूप. रात्री इतक्या उशिरा जेवू नये म्हणतात. बरोबर असेल. पण आठवड्यात मी सोडलेल्या खाण्यांपैकी एकाचीही आठवण मला येत नाही, आणि हे एक सोडलं असतं तर आली असती.

चौदा महिने झाले. साडेतीन किलो उतरले, कंबर सहा सेंटीमीटर कमी झाली, एचबीएवनसी ५.८ आहे. म्हणजे अजून काठावरच, सामान्य ५.७ च्या खाली. मध्ये जर्मनीची दोन आठवड्यांची फेरी झाली तेव्हा सगळी घडी विस्कटली होती. घड्याळ साडेतीन-साडेचार तासांनी मागे गेलं की आठचा नाश्ता कुठला धरायचा हे मला अजून जमलेलं नाही. पोळीचं मात्र ठरलं आहे. नवरा ती अजूनही पहाटे करतो, पण आता स्वतःसाठी. मला टॅक्सीत बसवून आत जातो आणि खातो. मागच्या महिन्यात त्याचं वजन दीड किलोने वाढलेलं निघालं.