इराणमधली मुलं कमी कशी झाली?

आमच्या शिक्षक-खोलीत अधूनमधून एक वाक्य कानावर पडतं : ‘तुमच्यात मुलं जास्तच असतात.’ बोलणाऱ्याचा हेतू दरवेळी वाईट असतोच असं नाही. पण त्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं असतं, की मुलांची संख्या धर्म ठरवतो. हे तपासायचं असेल तर भूगोलाच्या पुस्तकातला लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत उपयोगी पडतो.

सिद्धांत सोपा आहे. हजार वस्तीचं एक गाव घ्या. पहिल्या अवस्थेत वर्षाला चाळीस मुलं जन्मतात आणि जवळपास तितकीच माणसं मरतात. गाव वाढत नाही. मग लसी येतात, स्वच्छ पाणी येतं, बाळंतपणं सुरक्षित होतात आणि मृत्यू पंधरावर येतात. जन्म मात्र चाळीसच राहतात. ही दुसरी अवस्था. आता गाव दरवर्षी पंचवीस माणसांनी, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढतं आणि साधारण अठ्ठावीस वर्षांत दुप्पट होतं. तिसऱ्या अवस्थेत जन्मदरही उतरू लागतो आणि चौथ्या अवस्थेत दोन्ही दर खाली येऊन वाढ मंदावते.

मधल्या काळात जन्मदर लगेच का उतरत नाही? माझ्या दादीला नऊ मुलं झाली, त्यांतली पाच जगली. ज्या बाईने चार मुलं पुरलेली असतात, ती सरकारी तक्ता बघून मुलं कमी करत नाही. झालेली मुलं जगतात असा भरवसा बसायला एक पिढी जाते. मृत्यू आधी घटतात आणि जन्म मागाहून, आणि लोकसंख्येचा ‘स्फोट’ होतो तो याच मधल्या अंतरात.

आता इराण पाहा. 1976 च्या जनगणनेत तिथे सुमारे 3.37 कोटी लोक होते, 1986 मध्ये 4.94 कोटी. मधल्या काळात क्रांती झाली, शहाच्या काळातला कुटुंबनियोजन कार्यक्रम मागे पडला आणि इराकशी युद्ध सुरू झालं. या वाढीत अफगाण निर्वासितांचाही वाटा होता, पण एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत होती हेही खरं. युद्ध संपल्यावर एवढ्या मुलांना शाळा आणि नोकऱ्या कुठून द्यायच्या, हा प्रश्न उभा राहिला. 1989 मध्ये त्याच इस्लामी सरकारने, धर्मगुरूंच्या संमतीने, कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केलं. 1993 च्या कायद्याने चौथ्या मुलापासून पुढच्या काही सवलती काढल्या. लग्नाआधी जोडप्यांना वर्गाला बसावं लागे.

पण खरं काम खेड्यातल्या आरोग्यघरांनी केलं. तिथे ‘बेहवर्ज’ म्हणजे त्याच परिसरातली प्रशिक्षित बाई किंवा पुरुष असे. लसीची नोंद ठेवणारा आणि गर्भनिरोधक गोळ्या देणारा हात एकच होता. बाळ वाचवणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास बसला होता, म्हणून तिचा दुसरा सल्लाही ऐकला गेला. सोबत खेड्यातल्या मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या. 2000 च्या आसपास सरासरी दोन मुलांवर आली. जो उतार पार करायला इंग्लंडला कित्येक दशकं लागली, तो इराणने साधारण पंधरा वर्षांत पार केला. अभ्यासक असंही दाखवतात की ही घसरण 1989 च्या थोडी आधीच सुरू झाली होती. म्हणजे सरकारने दार उघडलं तेव्हा लोक उंबऱ्यावर उभेच होते.

इथे एक फसगत होते. मुलं दोनवर आली म्हणून लोकसंख्या थांबत नाही. इराणमध्ये 2006 ला 7.05 कोटी लोक होते, 2016 ला 7.99 कोटी. आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आया होत होत्या. प्रत्येकीला दोनच मुलं झाली, पण आयाच जास्त होत्या. म्हणून केवळ लोकसंख्येची वाढ पाहून ‘यांना मुलं जास्त होतात’ असं म्हणता येत नाही. एका बाईमागची सरासरी पाहावी लागते.

सिद्धांताच्या मर्यादाही आहेत. तो युरोपच्या अनुभवावरून बांधलेला आहे. कोणता देश किती वेगाने उतरेल हे तो सांगत नाही, आणि स्थलांतर तो मोजतच नाही. तळाला गेलेला दर वर कसा आणायचा, याचंही उत्तर त्याच्याकडे नाही. इराण सरकार आता जास्त मुलांसाठी सवलती देतं, 2021 मध्ये त्यासाठी कायदाही झाला, तरी सरासरी दोनच्या खालीच आहे.

भारतातही तीच वाट दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुस्लिम स्त्रियांमागे 1992-93 मध्ये 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.36. हिंदू स्त्रियांमागे 3.3 वरून 1.94. फरक अजून आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही, पण तो निम्म्याहून कमी झाला आहे. केरळमधल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी बिहारमधल्या हिंदू स्त्रीपेक्षा कमी मुलं होतात. इराणमध्ये पंधरा वर्षांत धर्म बदलला नव्हता. बदललं ते गावातलं आरोग्यघर आणि मुलींची शाळा. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तुमच्यात’ म्हणालं, तर मी एवढंच विचारणार आहे : कुठल्या गावात, आणि तिथली मुलगी कितवीपर्यंत शिकली?