अम्मीचा फ्लॅट, अम्मीचा करार

अम्मी 78 वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि कोंढव्यातला तिचा फ्लॅट रिकामा पडला. भाड्याने द्यायचं ठरलं. एजंटने करारनाम्याचा छापील मसुदा आणला, त्यात मालक म्हणून माझं नाव होतं. "सर, घरचेच तर आहात," तो म्हणाला.

इथेच पहिली दुरुस्ती झाली. शरियतनुसार आई-वडील हयात असताना मुलांचा त्यांच्या मालमत्तेत जन्मजात हक्क नसतो. फ्लॅट अम्मीचा, म्हणून करार देणारी अम्मी. भाडंही दरमहा तिच्याच बँक खात्यात जाईल, हे खाते क्रमांकासह लिहिलं. उद्या अल्लाहने तिला बोलावलं, तर त्या दिवसापासूनच्या भाड्यात माझ्या बहिणीचाही हिस्सा असेल. पैसे माझ्या खात्यात येत राहिले, तर तो हिशेब भावाबहिणीत कडू होतो. आमच्याच खानदानात हे पाहिलं आहे.

मग तिची सही मी करू का? कुलमुखत्यारपत्र घेऊन करता येते. पण मुखत्यारी देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मानसिक भान हरपलं, की सामान्यतः मुखत्यारीही संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. अम्मीचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे, म्हणून करार तिनेच केला. नोंदणीसाठी माणूस यंत्र घेऊन घरी आला. आयुष्यभर भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. शेवटी डाव्या हाताची तर्जनी जुळली.

अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते, असं आजही अनेकजण सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं आपल्यावर. म्हाताऱ्या बाईने कोर्टात जाऊन हे करायचं?

सगळ्यात जास्त वेळ 'लॉक-इन'ने खाल्ला. छापील मसुद्यात सहा महिने दोघांनाही करार मोडता येणार नव्हता. पण गुडघा बरा झाला आणि "मला माझ्या घरी जायचंय" असं अम्मी म्हणाली, तर? लॉक-इन फक्त राहणाऱ्याला ठेवा, आम्हाला नको, असं मी सुचवलं. घर घेणारा तरुण औषधांच्या दुकानात नोकरीला, मुलगी तिसरीत. तो म्हणाला, "सर, मग आम्ही पोरीची शाळा कशी धरायची?" त्याचं म्हणणं रास्त होतं. शेवटी ठरलं ते असं: तो तीन महिने सोडणार नाही, अम्मीला स्वतः राहायला घर हवं असेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस, मात्र घर सोडण्याची तारीख मार्च-एप्रिलमध्ये येऊ नये. 'स्वतः राहायला' हे शब्द त्याने घालून घेतले, म्हणजे जास्त भाडं देणारा मिळाला म्हणून त्याला काढता येणार नाही. मला आवडलं ते.

डिपॉझिट 60,000, भाडं 15,000. डिपॉझिटला मराठीत अनामत म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'अमानत'चाच. तो पैसा अम्मीवरचं कर्ज आहे. वारसाहक्कात आधी कर्ज फेडायचं, मग वाटणी. म्हणून 'अनामत परत करण्याची जबाबदारी वारसांवरही राहील' ही ओळ घातली आणि रक्कम अम्मीच्या नावे मुदत ठेवीत टाकली. चावी परत मिळेल त्याच दिवशी, थकलेलं वीजबिल वजा करून पैसे परत. 'मोडतोडीपोटी योग्य ती रक्कम' असले मोघम शब्द काढले आणि पंखे, गीझर, नळ यांची यादी फोटोंसह जोडली. रंग उडाला तर पैसे कापायचे नाहीत, हेही लिहिलं.

शेवटची अट घर रिकामं करण्याची. करार हा वापराचा परवाना आहे, भाडेकरूचा हक्क नाही, आणि कायदेशीर ताबा अम्मीचाच राहतो, हे स्पष्ट हवं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 नुसार दुप्पट दराने भरपाई आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. तरी आम्ही आकडा लिहिला: दिवसाला 1,000 रुपये. कायद्याचं कलम कोणी वाचत नाही, आकडा सगळे वाचतात.

अकरा महिन्यांनी त्याला राहायचं असेल आणि अम्मीला चालणार असेल, तर नवा करार, नवी नोंदणी. व्हॉट्सअॅपवर "सर, पुढे चालू ठेवू ना?" असं विचारून मुदत वाढत नाही, हे त्याला चावी देतानाच सांगितलं. मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख अम्मीने कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने, उर्दूत, लिहून ठेवली आहे.